वहिनींच्या डोक्यात १९०२ का राहत नव्हतं

आमच्या वहिनी सत्तावन्न वर्षांच्या. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पिठाची गिरणी चालवतात आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतात. गेल्या वर्षी इतिहासाचा पेपर गेला. "भावजी, चारदा वाचलंय की ओ पुस्तक. डोक्यात कायबी ऱ्हाईना झालंय. वय झालं आता," एवढंच म्हणाल्या. शिकवणाऱ्या एका सरांनीही त्यांना हसत हसत हेच ऐकवलं होतं म्हणे. आमच्या आईनं तर रोज रात्री बदाम भिजत घालायला सुरुवात केली.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे नापास झालेल्याचं पुस्तक आधी हातात घ्यायची सवय आहे. पान अन् पान पिवळ्या पेननं रंगवलेलं. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "१९०२ साली शाहू महाराजांनी काय केलं?" वहिनी गप्प. मग तीन पर्याय दिले: सक्तीचं प्राथमिक शिक्षण, नोकऱ्यांत राखीव जागा, माणगावची परिषद. डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या म्हणाल्या, "राखीव जागा. पन्नास टक्के."

म्हणजे आत होतं. बाहेर काढता येत नव्हतं.

आपण ज्याला सरसकट 'स्मरणशक्ती गेली' म्हणतो त्यात दोन वेगळी कामं असतात. समोर आलेली गोष्ट ओळखणं हे एक, आणि समोर काहीच नसताना ती आतून शोधून काढणं हे दुसरं. वयानुसार पहिलं थोडंफारच ढिलं होतं, दुसरं बऱ्यापैकी जड जातं. त्यातही सर्वांत जास्त निसटते ती जोडी. वहिनींना १९०२ हा आकडा माहीत होता, राखीव जागांचा हुकूमही माहीत होता. या दोघांची गाठ तेवढी बसलेली नव्हती. लग्नात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो, नावही कुठंतरी ऐकलेलं असतं, पण हे नाव या चेहऱ्याचं हे काही केल्या आठवत नाही. तोच प्रकार.

आणि इथेच पुन्हा पुन्हा वाचण्याचा घोटाळा होतो. चौथ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, कारण ओळखण्याचं काम शाबूत आहे. मन म्हणतं, झालं पाठ. परीक्षेत मात्र कोरा कागद समोर येतो. दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हेच तपासलं होतं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहिणारे. पुढे वयस्कांवर असे प्रयोग झाले, तिथेही आठवून बघण्याचा फायदा दिसला. विशीतला मुलगा चुकीच्या पद्धतीनं वाचूनही कसाबसा तरतो. सत्तावन्नव्या वर्षी ती चूक महागात पडते, आणि खापर मात्र वयावर फुटतं.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते केले. एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला घटना. पहिल्या दिवशी फक्त चार: १८९४ राज्यारोहण, १९०२ राखीव जागा, १९१७ सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम, १९२० माणगाव परिषद. वहिनी म्हणाल्या, "एवढंच?" हो, एवढंच. चार-पाचपेक्षा जास्त नव्या गोष्टी एकदम मनात धरून ठेवणं या वयात खरंच अवघड जातं, दहा धरायला गेलं की दहाही सांडतात.

नुसता पत्ता घोकायचा नाही, त्याला आधीच्या माहितीची खुंटी शोधायची. हा वयस्कांचा खरा फायदा. तरुणांकडे वेग असतो, पण सत्तावन्न वर्षांचं आयुष्य नसतं. महाराजांचा जन्म १८७४ चा. म्हणजे १९०२ ला ते अठ्ठावीस वर्षांचे. "आमचा थोरला आता अठ्ठावीसचा हाय!" वहिनी एकदम म्हणाल्या. झाली गाठ. वर हेही सांगितलं, की हुकूम निघाला तेव्हा महाराज इथं नव्हतेच, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. घरचा कर्ता परगावी आणि घरात एवढी उलथापालथ, हे चित्र त्या विसरणं शक्य नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांत एक गोंधळ झाला, तो मला आधी सुचायला हवा होता. १९०२ आणि १९२० मध्ये आकडे तेच, जागा बदललेल्या. वहिनी दोन्ही उलटसुलट सांगू लागल्या. सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एका दिवशी शिकवल्या की एकमेकींना खातात, आणि वयानुसार ती खाखा वाढते. १९२० चा पत्ता चार दिवस बाजूला ठेवला. मग तो वेगळ्या खुंटीवर टांगला: वहिनींचं माहेर हातकणंगले तालुक्यातलं, माणगाव त्यांना पायाखालचं. मार्च महिना, अध्यक्ष डॉ. आंबेडकर, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचं 'मूकनायक' निघालेलं. पुन्हा गोंधळ झाला नाही.

विचारण्याचं वेळापत्रक असं: दहा मिनिटांनी एकदा, त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, मग आठव्या दिवशी. अडलं तर लगेच उत्तर दाखवायचं नाही, आधी एक इशारा द्यायचा, "थोरल्याचं वय?" तरीही नाहीच आलं तर उत्तर दाखवायचं आणि तो पत्ता पुन्हा पहिल्यापासून. एक गोष्ट जपली पाहिजे. दहातले सात-आठ पत्ते यायला हवेत. निम्मेही येत नसतील तर अंतर फार लांबवलंय किंवा पत्ते फार घेतलेत. नुसतं आठवून-आठवून हात रिकामा राहिला तर काही पक्कं होत नाही, माणूस मात्र खचतो. उलट दहाच्या दहा झटकन येत असतील तर अंतर वाढवायचं, सोप्यावर वेळ घालवायचा नाही.

जागाही बदलली. वहिनी गिऱ्हाइकांच्या मध्ये, चक्की चालू असताना वाचायच्या. नको तो आवाज, नको ते बोलणं बाजूला सारणं हेही वयाबरोबर कठीण होतं. आता पहाटे साडेपाचला, गिरणी उघडायच्या आधी बसतात.

यालाही मर्यादा आहे, ती लपवत नाही. जिथे खुंटीच नाही तिथे सगळं संथ चालतं. शाहू महाराजांचे बारा पत्ते तीन आठवड्यांत पक्के झाले. युरोपच्या इतिहासाचे तेवढेच पत्ते व्हायला दुप्पट वेळ लागला, कारण पॅरिसमध्ये वहिनींचं माहेर नाही. आणि रोजच्या ओळखीची वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा विचारणं असं काही दिसलं तर पत्ते कापत बसू नका, डॉक्टरांकडे जा. थायरॉइड किंवा बी-१२ कमी असलं तरी डोकं असं बोथट होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल पीठ आणायला गेलो तेव्हा मुद्दाम विचारलं, "१७८९?" वहिनी वरच्या चाळणीकडे बघत राहिल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी पिठाचा हात वर केला. "थांबा भावजी, सांगू नका. येतंय." दहा सेकंद तरी गेले असतील. मग म्हणाल्या, "बॅस्टील. तुरुंग फोडलेला. जुलैत." आणि माझं पाच किलो ज्वारीचं पीठ काट्यावर ठेवलं.