जमिनीचं क्षेत्रफळ भागिले शीटचं क्षेत्रफळ, हा हिशेब आधी बंद करा

सकाळी फोंड्याच्या साइटवर पोचलो तर गोडाऊनच्या फ्लोअरवर मेश अंथरून तयार, दहा वाजता काँक्रीटची गाडी येणार, आणि दोन शीटच्या जोडावर लॅप किती? तीन बोटं! वाकून टेप लावला, ५० मिमी. १५० च्या चौकोनाची मेश आहे, म्हणजे अर्धा चौकोनसुद्धा एकमेकांवर नाही. मिस्त्री म्हणतो, "पात्रांव, बाइंडिंग वायरने आवळलंय, हलत नाही." अरे हलायचा प्रश्नच कुठे आहे, वायर शीट जागेवर धरते, ताण पलीकडच्या शीटवर नेत नाही! ताण जातो तो आडव्या तारांमधून, म्हणून दोन्ही शीटच्या शेवटच्या आडव्या तारांमध्ये एक चौकोन अधिक १०० मिमी तरी लागतात, म्हणजे इथे २५०. मी सरळ दोन चौकोन धरतो, ३००. नाहीतर जोडावरून सरळ रेघ मारल्यासारखी भेग येते.

आणि हे झालं कशामुळे, तर सप्लायरच्या माणसाने ९ बाय ६ मीटरच्या फ्लोअरचे ५४ घेतले, ४.८ बाय २.४ च्या शीटने भागले, ४.६९ आलं, पाच पाठवली. संपला विषय! लॅप कोण धरणार? कडेचं ५० मिमी कव्हर सोडलं की ८.९ बाय ५.९ उरतं. रुंदीत पहिली शीट २.४, पुढची प्रत्येक फक्त २.१ नेच पुढे सरकते, म्हणजे तीन शीटनी ६.६. लांबीत दोन शीटनी ९.३. तीन गुणिले दोन, सहा शीट. तिसऱ्या ओळीच्या शीटमधून ७०० मिमीची पट्टी कापावी लागते, ती वाया जाते, जाऊदे, लांबीतल्या जास्तीच्या ४०० ला तर कटरही नको, लॅपच तेवढा वाढवायचा.

आणि या लोकांनी काय केलं, तर पाचवी शीट उभी चिरून १.२ च्या दोन पट्ट्या केल्या आणि कशीबशी रुंदी भागवली. २.४, २.४, १.२, झाले ६.०, हवेत ५.९, उरलेले १०० मिमी दोन जोडांत वाटले. लांबीत मात्र ७०० चा लॅप पडलाय, जिथे गरज नव्हती तिथे! आणि आता सहावी आणून उपयोग नाही, कारण तिसऱ्या ओळीला १.७ रुंदीचे तुकडे लागतात आणि हे १.२ चे करून बसलेत. नव्या दोन आणायच्या.

गेल्या वर्षी व्हरांड्याला हेच लोक, मेश खाली मातीला टेकलेली, कव्हर ब्लॉक एक नाही, "ओतताना हुकाने वर ओढतो." ओढतात आणि त्याच मेशवर उभे राहून पुढचं ओततात! कोपऱ्यात चार शीट एकावर एक आल्या की तारांचा ढीग होतो, मग खडी त्यात अडकते, तेही कोणी बघत नाही.

गाडी रद्द केली. मिस्त्रीचं तोंड वाकडं झालंय, होऊदे, दोन शीट दुपारी येतायत आणि तिसरी ओळ मी स्वतः टेप धरून कापून घेणार.