जाहीर लिहिलं म्हणजे चौकात लावायचं का?

"गूगलवर सगळ्या जगासमोर लिहिलंय ना? मग परवानगी कसली मागायची? तू जर्मनीत राहून फार जर्मन झालायस."

हा दादाचा मेसेज, घरच्या ग्रुपवर. वहिनी ठाण्याला नौपाड्यात घरगुती डबे देते. माझा पुतण्या ऐरोलीत नोकरी करतो, आणि त्याने आईसाठी एक व्यवस्था बसवली: गूगलवर पाच तारे आले की त्यातलं वाक्य उचलायचं, पिवळ्या चौकटीत टाकायचं, खाली ग्राहकाचं नाव लिहायचं आणि इन्स्टाग्रामवर आपोआप चढवायचं. मी फक्त विचारलं की माणसाने हो म्हटलंय का, हे त्यात कुठे तपासलं जातं. त्यावर हे उत्तर.

इथे मुलीच्या किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, फोटोसाठी फॉर्म भरून घेतात. वर्गाच्या भिंतीवर चालेल का, वेबसाइटवर चालेल का, गावच्या वर्तमानपत्रात चालेल का, प्रत्येकाची चौकट वेगळी. मी तिन्हींपैकी एकीवर खूण केली, तेव्हा बाईंनी कारणही विचारलं नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं. दादाने उत्तर दिलं की तुमच्याकडे दारावरच्या पाट्यांवरून नावंसुद्धा काढतात म्हणे. ते २०१८ साली व्हिएन्नात झालं, तिथल्या महापालिकेच्या भाड्याच्या घरांत, आणि व्हिएन्ना ऑस्ट्रियात आहे. हेही मी लिहिलं. माझ्या घंटीच्या पाटीवर माझं नाव आहे.

आईने मध्येच तिचं प्रकरण काढलं. सोसायटीच्या गणपतीत तिचा फोटो फ्लेक्सवर लावला होता, न विचारता. मला वाटलं, चला, एक मत माझ्या बाजूने. पण तिची तक्रार एवढीच की फोटो जुना होता, नव्या साडीतला लावायला हवा होता. ठाण्यात नाक्यानाक्यावर चेहरे टांगलेले असतात, तिथे यापेक्षा वेगळी तक्रार तरी काय येणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. लिहिलं नाही.

आमचा आतेभाऊ ठाणे कोर्टात वकिली करतो. त्याचं म्हणणं: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ३ वाच. जी माहिती माणसाने स्वतःहून जाहीर केली, तिला हा कायदा लागूच नाही. दादाने लगेच पसंतीचा अंगठा टाकला. आतेभाऊ चुकलेला नव्हता, पण गोष्ट अर्धीच सांगत होता. अभिप्रायाचे शब्द ज्याने लिहिले त्याचे असतात, १९५७ चा कॉपीराइट कायदा काही मोडीत निघालेला नाही. लिहिणाऱ्याने ते वापरायची मुभा गूगलला दिलेली असते, नौपाड्यातल्या स्वयंपाकघराला नाही. आणि "स्वतःहून" म्हणजे ज्याची माहिती त्यानेच.

हे शेवटचं का टोचलं, ते सांगतो. चौकटीत जायला तयार असलेल्या अभिप्रायांत एक असा होता: पाचपाखाडीतल्या एका सुनेने लिहिलं होतं की सासूबाईंना केमोनंतर अन्नच जात नव्हतं, वहिनीच्या मऊ भाताने आणि मुगाच्या कढणाने त्या पुन्हा जेवायला लागल्या. वाचून कोणालाही भरून येईल असा. खाली सुनेचं पूर्ण नाव. पाचपाखाडीत त्या नावावरून इमारत सापडते आणि इमारतीवरून सासूबाई. गूगलवर हे वाचायला कोणीतरी डबेवाली शोधत यावं लागतं. इन्स्टाग्रामवर चढलं की तेच शेजारणीच्या फोनवर न शोधता येऊन पडतं, आणि तिथून व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर. आजाराबद्दल सासूबाईंनी स्वतः कुठेही काही लिहिलेलं नव्हतं.

पुतण्या मात्र माझ्याशी भांडला नाही. त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याने सांगितलं, "काका, विचारायचं ठीक आहे, पण विचारायचं कोणाला?" गूगलकडून दुकानदाराच्या प्रोग्रॅमला तारे मिळतात, मजकूर मिळतो, लिहिणाऱ्याने दाखवलेलं नाव मिळतं. फोन नंबर नाही, ईमेल नाही. परवानगीचा तर रकानाच नाही. आधी त्याने नाव जुळवून डब्याच्या यादीतले नंबर काढून पाहिले, तर एकाच नावाच्या दोन गिऱ्हाइकांत गोंधळ झाला आणि भलतीच बाई हो म्हणाली. मग उलटं केलं. आता अभिप्रायाखाली जे उत्तर देता येतं, त्यात वहिनी आभार मानते आणि लिहिते की तुमचे शब्द आमच्या पानावर वापरलेले चालत असतील तर अमुक नंबरवर कळवा. ज्याला हवं तो स्वतः येतो. आला की त्याच्याच खात्यातून घेतलेला अभिप्रायाचा स्क्रीनशॉट मागायचा, म्हणजे माणूस तोच असल्याचा अंदाज येतो, आणि मग त्याला तयार चौकटच दाखवायची: हाच मजकूर, पूर्ण नावाने, आद्याक्षराने की नकोच. काहीच उत्तर नाही म्हणजे नको.

दादाने सुचवलं की हो म्हणणाऱ्याला दिवाळीच्या फराळावर सूट देऊ. पुतण्याने तिथेच थांबवलं. सवलतीसाठी दिलेला होकार मनापासूनचा कसा म्हणायचा, आणि उद्या त्याच सवलतीसाठी लोक अभिप्राय लिहू लागले तर गूगलच्या नियमात ते बसत नाही.

होकार वहीत कसा ठेवायचा, यावर त्याने बराच विचार केलाय. "हो" एवढंच लिहून भागत नाही. ज्या मजकुराला हो मिळालं तो मजकूर अक्षरशः जपून ठेवायचा, सोबत अभिप्रायाची ओळखखूण `reviewId`, तारीख, आणि नाव कसं दाखवायचं ते. चौकट चढवण्याआधी प्रोग्रॅम आत्ताचा मजकूर त्याच्याशी ताडून पाहतो. लोक महिनाभराने अभिप्राय बदलतात. पाच तारे तसेच ठेवून "हल्ली पोळ्या जाड येतात" असं खाली जोडतात. फरक दिसला की चौकट अडकते आणि वहिनीला मेसेज जातो. शिवाय मराठी अभिप्रायाच्या आधी कधीकधी `(Translated by Google)` असं येऊन इंग्रजी भाषांतर लागतं आणि मूळ खाली राहतं. पहिल्या दोन ओळी उचलणाऱ्या प्रोग्रॅमने गिऱ्हाइकाच्या नावावर त्याने कधी न लिहिलेलं इंग्रजी खपवलं असतं.

आणि नंतर कोणी नको म्हटलं तर? आपल्या पानावरची चौकट काढता येते. फॉरवर्ड झालेली येत नाही. यावर त्याच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

खरं सांगायचं तर इथे ड्युसेलडॉर्फमध्ये मी याच फॉर्मांवर कुरकुरतो. वरच्या मजल्यावरची बाई आजारी होती हे मला तिच्या दारापुढची पुठ्ठ्याची खोकी पाहून कळलं, घर रिकामं होत असताना. कोणी तिची माहिती फोडली नव्हती, कारण कोणाला माहितीच नव्हती. मी तिच्यासाठी भात नेला असता का? ठाण्यात नेला असता, असं मी स्वतःला सांगतो. ग्रुपवर नियम शिकवताना माझा आवाज एवढा चढतो, कारण त्या घरात बोलायला माझ्याकडे आता तेवढंच उरलंय. डबा कोणाकडे जातो हे वहिनीला माहीत आहे, मला नाही.

तिने वाद वाचला आणि काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन स्वतः पाचपाखाडीला गेली, सुनेला आणि सासूबाईंना दोघींना विचारलं. सून म्हणाली, केमोचं वाक्य काढा आणि माझं फक्त आद्याक्षर टाका. सासूबाई म्हणाल्या, वाक्य राहू दे, लोकांना कळू दे, पण नाव माझं टाक, जेवले मी आहे. पुतण्याच्या तक्त्यात नावाचा रकाना एकच आहे, आणि तो अभिप्राय लिहिणाऱ्याचा. चौकट अजून अडकलेली आहे.