भाव पाडायचा की धरून ठेवायचा?

«शेजारच्या दुकानापेक्षा भाव कमी ठेवणं हाच शहाणपणा, हे गेम थिअरीने सिद्ध केलंय. दोघं आधी बोलले असते तर प्रश्नच मिटला असता. कैद्यांचा पेच म्हणजे एवढंच!»

असा दावा अनेकदा ऐकू येतो. गेम थिअरी म्हणजे समोरच्याच्या चालीवर आपला फायदा अवलंबून असतो अशा निर्णयांचा अभ्यास. दावा तपासायला आधी आकडे मांडू. समजा, शेजारी-शेजारी दोन दुकानं आहेत. दोघांनी भाव टिकवला तर प्रत्येकाला दिवसाला 10 एकक नफा. एकानेच पाडला तर त्याला 14, शेजाऱ्याला 3. दोघांनी पाडला तर प्रत्येकी 6. शेजारी भाव टिकवणार असेल तर मला 10 पेक्षा 14 बरे; तो पाडणार असेल तर 3 पेक्षा 6 बरे. म्हणजे तो काहीही करो, पाडणंच फायद्याचं. दोघंही असाच हिशोब करतात आणि 10 हाताशी असताना 6 वर येतात. यालाच कैद्यांचा पेच म्हणतात.

बोलण्याने यातलं काय बदलतं? काहीच नाही. काल रात्री शब्द दिला, तरी सकाळी समोर तेच 14 आणि 10 असतात. शब्द मोडणाऱ्याला काही भुर्दंड बसला, तरच आकडे बदलतात. (शिवाय असं संगनमत अनेक देशांत बेकायदा आहे, आणि ते बरंच आहे: दुकानदारांचं हे ‘सहकार्य’ गिऱ्हाइकाच्या खिशातून येतं.)

मुख्य गफलत मात्र त्या दाव्याच्या पहिल्या वाक्यात आहे. वरचा निष्कर्ष एकदाच खेळायच्या डावाचा. शेजारी दुकानं रोज समोरासमोर असतात. समजा दोघांचं धोरण असं: समोरच्याने भाव टिकवला तोवर मीही टिकवीन, एकदा पाडला की कायमचा पाडीन. आता पाडणाऱ्याला आज 4 जास्त मिळतात, पण उद्यापासून रोज 10 ऐवजी 6, म्हणजे रोज 4 कमी. उद्याही दोघांची दुकानं चालू असण्याची शक्यता प्रत्येक दिवशी निम्म्याहून जास्त असेल, तर पुढचा एकूण तोटा आजच्या फायद्यावर मात करतो. मग एक शब्दही न बोलता भाव टिकू शकतो. 1980च्या सुमारास राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड यांनी संगणकावर अशा डावांच्या स्पर्धा घेतल्या. त्यात गणिती अनातोल रॅपोपोर्ट यांची ‘जशास तसे’ ही साधी चाल जिंकली: आधी सहकार्य करायचं, मग समोरच्याने मागच्या वेळी केलं तेच करायचं.

अर्थात टिकू शकतो म्हणजे टिकेलच असं नाही. दोघंही रोज पाडत राहणं हाही स्थिर तोडगाच आहे, म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही. एक दुकान अमुक तारखेला बंद होणार हे दोघांना ठाऊक असेल, तर शेवटच्या दिवशी पाडणं ठरलेलंच. मग आदल्या दिवशी सबुरी कशासाठी? असं मागे मागे येत पहिल्या दिवसापर्यंत सगळं कोसळतं, निदान कागदावर तरी. दुसरा धोका छुप्या सवलतीचा. पाटीवरचा भाव तोच, पण गल्ला घटला, तर शेजाऱ्याने गुपचूप भाव पाडला की गिऱ्हाईकच कमी आलं, हे कळत नाही. अशा वेळी कुणीही न फसवता भावयुद्ध पेटतं.

आणि प्रत्येक भावयुद्ध म्हणजे हा पेच नव्हे. एकट्याने भाव पाडून 14 ऐवजी 9 च मिळत असतील, तर शेजारी टिकवत असताना पाडण्यात फायदाच नाही. दोघांनी टिकवणं आपोआप स्थिर होतं, धाक लागत नाही. तेव्हा कैद्यांचा पेच हे नाव देण्याआधी हे चार आकडे तपासा.