डोल, तांडेल आणि अर्थ न सांगणारी कादंबरी

"इंग्रजी कादंबरीत देशी शब्द अर्थ न देता टाकणं ही निव्वळ शोबाजी आहे. बाहेरच्या वाचकाला कळत नाही, आपल्याला ते आधीच माहीत असतात, मग उपयोग कोणाला? तळटीप द्या नाहीतर सरळ इंग्रजी शब्द वापरा."

ठाण्यातल्या आमच्या वाचकांच्या ग्रुपवर हे फिरत फिरत तिसऱ्यांदा आलं, म्हणून एकदा नीट लिहितो. एकच पुस्तक घेतो, अमिताव घोषांचं 'सी ऑफ पॉपीज', २००८ चं.

बाहेरच्याला कळत नाही, हे आधी बघू. गोष्ट १८३८ ची. बाल्टिमोरचा झॅकरी हा पोरगा आयबिस जहाजावर सुतार म्हणून चढतो, वाटेत गोरे खलाशी गळत जातात आणि केपटाऊनला त्यांच्या जागी लस्कर, म्हणजे आशियाई खलाशी येतात. आता झॅकरीलाच त्यांची बोली शिकावी लागते, कप्तानाच्या हाताखालचा मेट झाला मालुम, खलाशांवरचा मुकादम म्हणजे बोसन, त्याला सेरांग म्हणायचं, डेक म्हणजे तुतुक, मास्ट म्हणजे डोल. म्हणजे ज्याला कळत नाही असा माणूस कादंबरीतच उभा आहे आणि अमेरिकन वाचक त्याच्या बरोबरीने शिकतो, शब्द एकदा ओळखीचा झाला की पुढे लेखक थांबून परत सांगत बसत नाही. तळटीप दिली असती तर वाचकाला झॅकरीच्या आधीच सगळं कळलं असतं, आणि त्याचं ते भांबावणं, जहाजावर हळूहळू रुळणं, ते गेलंच की मग.

आता 'आपल्याला आधीच माहीत असतात'. खरंच? चेंदणी कोळीवाड्यात माझ्या मित्राचे काका आहेत, आयुष्य होडीवर गेलेलं. त्यांना मी तेवढा भाग मराठीत सांगत वाचून दाखवला. डोल ऐकल्यावर ते लगेच म्हणाले, "डोल म्हंजे जाळं." डोल हे खाडीत-समुद्रात लावायचं पिशवीसारखं मोठं जाळं असतं, ते त्यांचं रोजचं. मला डोलकाठी आठवली म्हणून मी शिडाच्या खांबाकडे गेलो. एकाच शब्दाने दोन मराठी माणसांना दोन वाटांनी नेलं, आणि वाक्यात शेजारी मास्ट होता म्हणून काकाही वळले. पुढे टिंडल आला, म्हणजे आपला तांडेल. काकांच्या डोक्यात तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, सगळे त्याचं ऐकणार. इथे तो सेरांगच्या हाताखालचा. काकांना ते अजिबात पटलं नाही, दोनदा विचारलं, "त्याच्यावर अजून कोन?" मला तर हा प्रश्न सुचलाच नसता. त्या जहाजावर कोण कोणाच्या खाली हे मला काकांमुळे नीट कळलं. म्हणजे माहीत असलेला शब्दसुद्धा अडवतो, आणि अडवल्यामुळे आपण वाक्य परत वाचतो. खाली 'टिंडल = बोसनचा मदतनीस' असं छापलं असतं तर काकांना आणि मला दोघांनाही विचार करायची गरजच उरली नसती.

सरळ इंग्रजी शब्द वापरा म्हणणाऱ्यांनी डाउटीचं बोलणं वाचावं. हा हुगळी नदीत जहाजांना वाट दाखवणारा इंग्रज पायलट, त्याच्या तोंडी हिंदुस्तानी शब्द इतके मोडून आलेत की आपल्यालाही मोठ्याने वाचल्याशिवाय लागत नाहीत. तो झॅकरीला सांगतो, इथली बोली शिकून घे, पण तुझी हिंदी-उर्दू फार चांगली होऊ देऊ नकोस, नाहीतर लोकांना वाटेल तू इथलाच झालास. शब्द मोडके ठेवायचे कारण चांगले बोललो तर आपला मान कमी होतो! हे सगळं त्या वाकड्या उच्चारात आहे. त्याच्या तोंडी स्वच्छ इंग्रजी घाला, तो नुसता बडबड्या म्हातारा उरेल.

तळटिपेबद्दल एक राहिलं. घोषांनी शब्दांची एक यादी केली आहे, पण ती कादंबरीतल्याच नीलने लिहिली आहे असं धरून, आणि त्यात शब्द कुठून कसे प्रवास करत आले यावर नील रमतो. शब्दाशेजारी सरळ अर्थ असा तो प्रकार नाही.

वाचक तुटतात हे मात्र मी नाकारणार नाही. माझ्या बायकोने हे पुस्तक चाळीसेक पानांवर सोडलं आणि तिचं कारण खरं होतं, दिवसभराच्या कामानंतर ठाणे स्टेशनवरून लोकलमध्ये उभं राहून असलं वाचणं जड जातं. पण पुस्तक त्याच वर्षी बुकरच्या अंतिम यादीत होतं, म्हणजे बाहेरचे सगळेच काही पळाले नाहीत. आणि काही लेखक खरंच नुसते सजावटीला शब्द पेरतात, तेही आहे. ते ओळखायला मी एक करतो: देशी शब्द काढून इंग्रजी टाकतो आणि वाक्य परत वाचतो. 'साडी नेसलेली आई चाय पीत होती' मध्ये चायचा टी केला तर काहीच हलत नाही, तिथे तक्रार बरोबर. तांडेलच्या जागी बोसन्स मेट घातला तर काकांचा प्रश्न गायब होतो.