बाराव्या स्थानातील सूर्य : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

"कुंडलीत सूर्य बाराव्या स्थानात असेल तर वडिलांचे सुख मिळत नाही, सत्ता आणि अधिकार कधीच हाती येत नाहीत आणि आत्मविश्वास आयुष्यभर कमीच राहतो. त्यातून तूळ राशीचा सूर्य असेल तर बघायलाच नको. आपापली पत्रिका उघडा आणि पडताळून पाहा."

सूर्य कोणत्या स्थानात पडतो हे प्रामुख्याने जन्माच्या घटकेवर अवलंबून असते, त्यामुळे आधी तेवढे स्पष्ट करून घ्यावे लागेल. सूर्योदयाच्या क्षणी सूर्य लग्नबिंदूवर, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणाऱ्या बिंदूवर असतो, मध्यान्ही तो दशमाच्या आसपास असतो, सूर्यास्ताला सप्तमाजवळ आणि मध्यरात्री चतुर्थाजवळ. सूर्योदयानंतर पुढची राशी पूर्व क्षितिजावर उगवू लागली की राशिकुंडलीत सूर्य बाराव्या घरात जातो आणि सुमारे दोन तास तेथेच राहतो. म्हणजे सकाळच्या त्या दोन तासांत एखाद्या शहरात जन्मलेल्या सगळ्या मुलांचा सूर्य बारावा असतो, आणि ढोबळमानाने पाहिले तर बारा माणसांमागे एकाचा. एवढ्या मोठ्या समूहाला वडिलांचे सुख नाही आणि अधिकारही नाही, असे विधान करणाऱ्यावर त्याची जबाबदारी किती येते, याचा अंदाज यावरून यावा.

आता वडिलांचा मुद्दा. याला ग्रंथांत काहीच आधार नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मंत्रेश्वराच्या 'फलदीपिके'त व्ययस्थानातील, म्हणजे बाराव्या घरातील सूर्याच्या फलात पित्याशी वैर सांगितले आहे, आणि वराहमिहिरानेही या स्थानातील सूर्याला चांगले म्हटलेले नाही. परंतु ही स्थानफले म्हणजे एकट्या ग्रहाचे एकट्या घरातले कच्चे फल होय. राशी, राशीचा स्वामी, दृष्टी आणि युती यांनी ते कमीअधिक करून मगच वापरायचे असते, आणि ती रीत याच ग्रंथांच्या इतर अध्यायांत दिलेली आहे. फिरत्या मजकुरात श्लोकातले फल घेतले जाते आणि ही रीत गाळली जाते.

दुसरे असे की पित्याचा विचार केवळ सूर्याच्या स्थानावरून कोणत्याच परंपरेने केलेला नाही. बृहत्पाराशर होराशास्त्रात दशमस्थानाच्या विषयांत राज्य आणि मान यांच्याबरोबर पित्याचाही उल्लेख आहे, तर दक्षिणेत नवम हे पित्याचे स्थान मानण्याची रूढी बळकट आहे. म्हणून ते स्थान, त्याचा स्वामी आणि पित्याचा कारक, म्हणजे निदर्शक मानलेला सूर्य अशा तिन्ही अंगांनी विचार होतो. 'बृहज्जातका'च्या निषेकाध्यायात तर आणखी एक भेद केला आहे, जो अशा दाव्यांत कधीच दिसत नाही. दिवसा जन्म असेल तर सूर्य हा पिता आणि रात्री जन्म असेल तर शनी हा पिता समजावा, आणि रात्रीच्या जन्मात सूर्याकडून चुलत्याचा विचार करावा, असे वराहमिहिर सांगतो. सप्तमापासून व्ययापर्यंत सूर्य असला की तो सामान्यतः क्षितिजाच्या वर असतो, म्हणून बाराव्या सूर्याचा जन्म दिवसाचाच आणि तेथे सूर्याला पितृकारक मानणे योग्यच आहे. मात्र ज्यांचा सूर्य दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या स्थानात आहे, त्यांच्या वडिलांविषयी त्याच सूर्यावरून ठाम विधाने करणाऱ्यांनी हा नियम आधी वाचायला हवा.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आहे. महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला आणि त्यांच्या पत्रिकेसाठी सकाळी सात-साडेसातच्या सुमाराची वेळ प्रचलित आहे. त्या वेळेप्रमाणे तूळ लग्न येते आणि कन्येचा सूर्य बाराव्या घरात जातो. त्यांचे वडील करमचंद गांधी १८८५ मध्ये वारले, तेव्हा मोहनदास सोळा वर्षांचे होते. दावा करणारा येथे लगेच विजयी मुद्रेने मान डोलावील. पण त्याच घटनेने त्यांचे थोरले भाऊ लक्ष्मीदास आणि करसनदास यांचे आणि बहीण रळियातबेन यांचेही पितृछत्र हरपले. पित्याचा मृत्यू बाराव्या सूर्याने दाखवला असे मानायचे, तर ही सगळी भावंडे सूर्योदयानंतरच्या त्याच दोन-तीन तासांत जन्मली असे तरी मानावे लागेल किंवा मृत्यूचा संबंध दुसऱ्या कशाशी तरी जोडावा लागेल. एकाच पित्याच्या चार अपत्यांचा सूर्य चार वेगवेगळ्या घरांत असू शकतो, हे ज्याला मान्य आहे, त्याने फार तर पित्याशी असलेल्या प्रत्येकाच्या वेगवेगळ्या नात्याविषयी बोलावे, पित्याच्या आयुष्याविषयी बोलू नये.

अधिकाराच्या मुद्द्यावर दावा परंपरेच्या चौकटीतच कोसळतो, कारण 'बारावा सूर्य' ही एकच एक स्थिती नाही. वृषभ लग्नाला बारावा सूर्य मेषेचा, म्हणजे उच्चीचा, सर्वांत बलवान राशीतला असतो. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत सकाळी वृषभ लग्नावर जन्मलेल्यांची ही स्थिती. कन्या लग्नाला तो सिंहेचा, स्वगृहीचा असतो, आणि व्ययेश, म्हणजे बाराव्या घराचा स्वामी, व्ययातच असल्यामुळे अनेक ज्योतिषी त्याला चांगल्या योगांत मोजतात. वृश्चिक लग्नाला तो तुळेचा, नीचीचा, म्हणजे सर्वांत दुर्बल राशीतला असतो आणि शिवाय दशमेश, म्हणजे दहाव्या घराचा स्वामीही असतो. गांधींच्या तूळ लग्नाला तो लाभेश, म्हणजे अकराव्या घराचा स्वामी होतो. स्थान एकच, पण सूर्याचे बळ आणि त्याच्याकडे असलेले घर प्रत्येक वेळी निराळे. या सगळ्यांना एका वाक्यात कोंबणारा मजकूर ज्योतिषाच्या बाजूचा आहे, असे मला वाटत नाही.

दाव्याला सर्वांत अनुकूल असलेली स्थिती घेऊन पाहू. समजा, पुण्यात ५ नोव्हेंबरला सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी मूल जन्मले. त्या दिवशी निरयन सूर्य तुळेच्या सुमारे १९ अंशांवर असतो आणि सूर्योदय साधारण ६ वाजून ४० मिनिटांनी होतो. तासाभरात लग्न तूळ ओलांडून वृश्चिकेच्या सुमारे २ अंशांवर येते. राशिकुंडलीत सूर्य बारावा, नीच राशीत आणि दशमेश झालेला. दाव्याप्रमाणे या मुलाला अधिकार कधीच मिळणार नाही. आता चलित कुंडली, म्हणजे राशीऐवजी लग्नाच्या अंशांवरून घरांच्या सीमा ठरवणारी कुंडली मांडा. लग्नबिंदू हा प्रथम भावाचा मध्य धरला की तो भाव सुमारे १५ अंश मागे, म्हणजे तुळेच्या १७ अंशांच्या आसपास सुरू होतो. १९ अंशांवरचा सूर्य चलितात प्रथम भावात येतो. जन्म वीस मिनिटे उशिरा, ८ वाजता झाला असता तर लग्न ६ अंशांच्या पुढे गेले असते, भावाची सीमा तुळेच्या २१-२२ अंशांवर सरकली असती आणि सूर्य चलितातही बारावाच राहिला असता. म्हणजे 'बारावा' की 'पहिला' हे ठरायला येथे वीस मिनिटेही फार झाली, आणि जन्माची वेळ पाच-दहा मिनिटांनी पुढेमागे नोंदवली जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. आपला सूर्य भावसंधीजवळ, म्हणजे दोन घरांच्या सीमेजवळ आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर सूर्याचे अंश आणि लग्नाचे अंश यांतले अंतर पाहावे. ते १५ अंशांच्या जवळपास असेल, तर स्थानावरून काढलेले कोणतेही फल अधांतरी आहे.

नीचत्वाचेही असेच. सूर्याचे परमनीच तुळेच्या १० अंशांवर असते. १९ अंशांवरचा सूर्य ते ओलांडून ९ अंश पुढे गेलेला असतो, तरी उच्चबळाच्या हिशेबात ६० पैकी त्याला जेमतेम ३ मिळतात, आणि हे दुबळेपण लपवण्याचे कारण नाही. दिग्बल, म्हणजे दिशेमुळे मिळणारे बळ, मात्र वेगळ्या बिंदूपासून मोजले जाते. सूर्याला दशमाच्या मध्याशी पूर्ण ६० आणि चतुर्थाच्या मध्याशी शून्य दिग्बल असते, आणि पुण्याच्या या पत्रिकेत ते ३५ च्या आसपास येते. नीचभंगासाठी, म्हणजे नीचत्वाचा दोष रद्द होतो का हे ठरवण्यासाठी, शुक्र आणि मंगळ लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या घरात आहेत का ते पाहावे लागते. शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून या पत्रिकेत तो लग्नापासून केंद्रात यायचा तर वृश्चिकेतच, लग्नी असावा लागेल. हे सगळे पाहिल्यानंतरही दशमेश व्ययात म्हणजे अधिकार नाही, असा निष्कर्ष निघत नाही. जन्मगावापासून दूर, रुग्णालयात, आश्रमात, तुरुंगाच्या व्यवस्थेत किंवा परदेशात चालणारे कार्य असा त्याचा रूढ अर्थ आहे. गांधींचा दशमेश निराळा होता, तरी सत्तेचे कोणतेही पद न घेता त्यांच्याकडे आलेला अधिकार कोणत्या घरात बसवायचा, हे दावा करणाऱ्यांनीच सांगावे.

आत्मविश्वासाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. वराहमिहिराने सूर्याला कालपुरुषाचा आत्मा, चंद्राला मन आणि मंगळाला सत्त्व म्हटले आहे. पराक्रमासाठी तृतीय स्थान आणि एकंदर व्यक्तिमत्त्वासाठी लग्न आणि लग्नेश पाहण्याची रीत आहे. चारचौघांत उभे राहून बोलता येणे हे या सगळ्यांत विभागलेले असताना ते एकट्या सूर्यावर, आणि त्यातही त्याच्या एका घरावर टाकणे हा आळस आहे. शिवाय वडिलांशी न पटणाऱ्या किशोरवयीन मुलाला 'तुझ्यात आत्मविश्वास नाही, पत्रिकेतच आहे' असे सांगितले, तर पुढे त्याच्या वागण्यात जे दिसेल त्यात सूर्याचा वाटा किती आणि त्या वाक्याचा किती, हे कोणालाही वेगळे करता येणार नाही.

राहिले 'पडताळून पाहा' हे आवाहन. ज्याला ते जुळते तो होकार कळवतो, ज्याला जुळत नाही तो पुढे निघून जातो, आणि सकाळी साडेसातला जन्मून वडिलांच्या खांद्याला खांदा लावून दुकान चालवणाऱ्या माणसाची नोंद कोठेच होत नाही. पडताळणीची नीट रीत महाराष्ट्रात एकदा वापरली गेली आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून, प्रत्येक सहभागी ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस ज्योतिषांची अचूकता सरासरी ४६ टक्के भरली. नाणेफेक केली असती तर ती पन्नासच्या आसपास राहिली असती. त्या ज्योतिषांच्या हाती संपूर्ण पत्रिका होती, एकटा बारावा सूर्य नव्हता. दाव्याच्या समर्थकांना खरोखरच पडताळायचे असेल, तर बाराव्या सूर्याच्या आणि इतर स्थानांतील सूर्याच्या पत्रिका नावे झाकून, सरमिसळ करून कोणाच्या तरी हाती द्याव्यात आणि कोणाचे वडील लवकर गेले ते त्यातून वेगळे काढून दाखवावे.