निकालाच्या भांडणाची एकांकिका कशी लिहू नये (म्हणजे कशी लिहावी)

सोसायटीच्या गणपतीत यंदा एकांकिका तुमच्या गळ्यात पडली आहे आणि समितीने विषय दिला आहे 'दहावीचा निकाल व पालकांच्या अपेक्षा'. अभिनंदन. वीस मिनिटं, एक सेट, दोन लटकते माइक आणि प्रेक्षकांत बसलेले सगळेच जण या नाटकातली पात्रं. मी असली तीन नाटकं लिहून पचवली आहेत, त्यामुळे माझं ऐका.

सगळ्यात आधी मुलीला बोलू देऊ नका. निकाल तिचा असला तरी नाटक तिचं नाही. तिला सोफ्याच्या टोकाला बसवा, हातात उशी द्या. भांडण आई-बाबांचं, आजी अधूनमधून 'आमच्या वेळी' म्हणण्यापुरती. मुलीला एखादंच वाक्य ठेवा. तेही शेवटी कापायचं आहे, पण त्याबद्दल नंतर.

वेळ दुपारी एकची घ्या. मंडळाचा निकाल ऑनलाइन दिसतो तो एक वाजता, म्हणजे कुकरची शिट्टी, बाबांची अर्धी रजा आणि न उघडणारं संकेतस्थळ हे तिन्ही एकाच क्षणी फुकटात मिळतात. पडदा उघडताच बाबा लॅपटॉपसमोर. आणि इथे एक अस्सल तपशील वापरा, जो नवखे लेखक विसरतात: निकाल पाहायला बैठक क्रमांक लागतो आणि आईचं नाव लागतं. बाबांचं नाव कुणी विचारत नाही.

बाबा : फी मी भरली. क्लासचे हप्ते मी भरले. आणि इथे काय, 'आईचे नाव'!
आई : टाका मग. की स्पेलिंग विसरलात?
आजी : आमच्या वेळी शाळेच्या फळ्यावर लागायचा. नाव नसेल तर मूल परस्पर मामाकडे जायचं.

दोन मिनिटं पान फिरत राहू दे. ही दोन मिनिटं लिहायचे कष्ट नाहीत. नटांना नुसतं थांबायला सांगा, प्रेक्षक आपापल्या मे महिन्यात जाऊन घामाघूम होतात.

आता गुण. इथे आळस नको. नव्वद टक्के लेखक 'तुला फक्त ८५ टक्के?' असं लिहून मोकळे होतात आणि भांडण तिसऱ्या मिनिटाला आटतं. भांडण टक्क्यांवर उभं राहत नाही, ते टक्के काढायच्या पद्धतीवर उभं राहतं. म्हणून आकडे आधी कागदावर मांडा. मी माझ्या नायिकेला दिले ते असे: मराठी ८८, हिंदी ८४, इंग्रजी ७९, गणित ७१, विज्ञान ८२, सामाजिक शास्त्रे ९०. विषय सहा, प्रत्येकी शंभराचे. मंडळ त्यातले सर्वोत्तम पाच धरतं. सगळ्यात कमी गुणांचा विषय गळतो, इथे गणित. उरलेल्या पाचांची बेरीज ४२३, म्हणजे ५०० पैकी ८४.६०. शिवाय तिने आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आहेत. इंटरमिजिएटला 'ब' श्रेणी आहे, तिचे सवलतीचे गुण ५. झाले ४२८. पडद्यावर आलं ८५.६०.

बाबा बँकेत आहेत असं करा. बँकेतला माणूस दुसऱ्याची बेरीज मान्य करत नाही.

बाबा : हे पंच्याऐंशी आलं कुठून? सहा विषय. चारशे चौऱ्याण्णव भागिले सहाशे. ब्याऐंशी पॉइंट तेहेतीस.
आई : मंडळ पाच धरतं हो.
बाबा : मंडळ धरेल. मी सहाची फी भरली.

बघा, एका घरात एकाच मुलीचे तीन निकाल झाले: बाबांचे ८२.३३, आईचे ८४.६०, मंडळाचे ८५.६०. आई आपल्या आकड्यासाठी कालनिर्णयाच्या मागच्या पानावर भागाकार करते. दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. हे पान सेटवर खरं ठेवा, प्रेक्षागृहात दहा ओळींपर्यंत दिसत नाही पण नटीचा हात खरा होतो.

तिसऱ्या आकड्यातला तो एक टक्का मात्र जपून हाताळा, नाटकाचा सगळा मसाला त्यात आहे. कारण चित्रकलेचा क्लास बाबांनीच बंद केलेला असतो. 'दहावीचं वर्ष आहे' या तीन शब्दांवर. तेव्हा ज्या एका टक्क्याने मुलगी पंच्याऐंशीच्या पुढे गेली, तो रंगपेटीतून आला आहे. हौशी लेखक इथे मुलीकडून भाषण देववतात. करू नका. फक्त आईला रंगपेटी कपाटाच्या वरून काढून धूळ पुसायला लावा, आणि बाबांना म्हणू द्या, "ते पाच सोडून सांग." बस. पुढचं प्रेक्षक आपल्या आपल्या घरी जाऊन बोलतील, निदान लिफ्टमध्ये तरी.

शेजारचा मुलगा. तो हवाच, त्याच्याशिवाय या विषयावर आजवर पान हललेलं नाही. त्याला ९४.४० द्या आणि काही झालं तरी रंगमंचावर आणू नका. माझ्या पहिल्या नाटकात मी आणला. पेढ्यांचा खोका घेऊन एक घाबरट, मिशा फुटणारं पोरगं आत आलं, काकूंना वाकून नमस्कार करताना चष्मा पडला, आणि प्रेक्षक तिथल्या तिथे त्याच्या बाजूचे झाले. तुलनेसाठी ठेवलेला माणूस दिसता कामा नये. पेढे त्याच्या आईबरोबर पाठवा. ती दारातच उभी राहून म्हणते, "आमच्याकडे फारसं काही नाही हो, चौऱ्याण्णव." तो 'फारसं काही नाही' जितका सहज येईल तितका लागतो, तालमीत या एका ओळीला अर्धा तास द्या.

पेढा कोण खातं हेही ठरवा. माझ्या अनुभवात आजीने खावा. सगळे अडकलेले असताना खाणारा माणूस रंगमंचावर नेहमी जिंकतो.

आता बाबांची बाजू. त्यांना खलनायक करू नका. आपल्याकडे या भूमिकेला बहुधा सोसायटीचे खजिनदार उभे राहतात आणि वर्गणीचं पुस्तक त्यांच्याकडे असतं. त्यांना एक खरी भीती द्या. माझ्या बाबांना भीती अशी की अकरावीला सायन्स घ्यायचं आणि नेमकं गणितच गळलेलं. हा मुद्दा चुकीचा नाही. ते वजाबाकी करतात: गणितात शाळेने अंतर्गतचे २० पैकी १९ दिले असणारच, म्हणजे बीजगणित-भूमिती मिळून ८० पैकी ५२. एकाहत्तरातून त्यांनी एका दमात बावन्न काढले. पालकांची वजाबाकी अशी विलक्षण जलद असते, ती दहावीनंतरच येते.

त्यांच्या स्वतःच्या गुणपत्रिकेचं काय? ती फायलीत आहे, कपाटात आहे, ५८ टक्के आहे. सगळ्या नाटकांत आजी ती शेवटी बाहेर काढते आणि टाळी पडते. म्हणूनच काढू नका. माझ्या आजीने फक्त एवढं विचारलं, "अरे, तुझी ती निळी फाईल कुठे ठेवलीस?" आणि बाबांनी आवाज एक पट्टी खाली आणला. प्रेक्षकांना फाईल दाखवायची गरज पडली नाही. बऱ्याच जणांच्या घरी ती त्याच कपाटात असते.

मग येतो पुनर्मूल्यांकनाचा प्रसंग, आणि इथे तुमच्या संहितेचा खरा कस लागतो.

बाबा : पेपर नीट तपासलाच नसेल. छायाप्रत मागवू. चारशे रुपये. मग पुनर्मूल्यांकन, तीनशे. सातशे रुपयांत पाच गुण वाढतील. वाढणारच.
आई : आणि नाही वाढले तर?
बाबा : पाच म्हणजे एक टक्का! शहाऐंशी पॉइंट सहा!

(शांतता. उशीमागून आवाज.)

मुलगी : नाही होणार, बाबा. पाच वाढले तर गणित शहात्तर. इंग्रजी एकोणऐंशी आहे. तरी गणितच गळणार. टक्के तेच राहतील. इंग्रजीच्या पुढे जायला किमान नऊ गुण वाढायला हवेत, आणि नऊ वाढले तरी बेरीज एकानेच वाढते. शून्य पॉइंट दोन टक्के.

हेच ते वाक्य, जे मी सुरुवातीला कापायला सांगितलं. हिशेब करून बघा, बरोबर आहे: ८० गुणांचं गणित आत येतं, ७९ चं इंग्रजी बाहेर जातं, ४२८ चे ४२९ होतात, ८५.८०. गणितात ७१ मिळालेल्या मुलीने बँकेतल्या माणसाला सातशे रुपयांचा भागाकार तोंडी करून दाखवला. आता तुम्हीच सांगा, एवढं झाल्यावर बाबांकडे उरलेल्या सहा मिनिटांत काय बोलायला उरतं? म्हणून म्हणतो, कापा. वीस मिनिटांचा प्रयोग चौदाव्या मिनिटाला संपला तर पुढच्या मंगळागौरीच्या खेळांतल्या बायका अजून साडी नेसत असतात.

मी कापलं नाही, आणि भोगलं. प्रयोगाच्या रात्री खजिनदारांना पुढची ओळ आठवेना. पडद्यामागून मी ती दोनदा सांगितली. ते मुलीकडे नुसते बघत राहिले. मग बोटांवर काहीतरी मोजलं, हळूहळू, खरोखर मोजलं. तिसऱ्या रांगेतली त्यांची बायको पदराआडून हसली, कारण त्यांच्या घरी दोन वर्षांपूर्वी छायाप्रतीचे पैसे कशासाठी भरले होते हे तिला माहीत होतं. प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले आणि पडदेवाल्याला वाटलं, संपलं.

शेवट कसा करावा याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. सल्ला देणारा शेवट नको, सगळे सोफ्यावर मिठी मारतात असा तर मुळीच नको. दोन माइकमध्ये पाच माणसं मावत नाहीत. फोन वाजवा. पलीकडे आत्या.

बाबा : (फोनवर) हो, लागला ना. शहाऐंशी. (थोडं थांबून) हो, हो, जवळजवळ सत्त्याऐंशीच. आणि चित्रकलेचे वेगळे!

(आजी दुसरा पेढा उचलते. पडदा.)