एकच पेशंट, पण तीन सुरुवाती

सिंगल-केस डिझाइन, म्हणजे एकाच पेशंटवर पुन्हा पुन्हा मोजून थेरपीचा परिणाम तपासायची रीत. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा: «एका पेशंटवर थेरपी करून बघितली आणि तो सुधारला, तर त्याला पुरावा नाही, किस्सा म्हणतात. पेशंट आपोआपही सुधारतोच की. त्यात हे लोक आकडेमोड सोडून आलेख नुसता डोळ्यांनी बघतात. आणि काही निष्कर्ष निघालाच, तरी तो दुसऱ्या कुणाला लागू पडत नाही.»

थेरपीआधी एकदा मोजलं, संपल्यावर एकदा मोजलं, एवढंच केलं असेल तर पहिली दोन वाक्यं मला मान्य आहेत. पण याला कुणी सिंगल-केस डिझाइन म्हणत नाही. त्यात मोजमाप थेरपीच्या बरंच आधी सुरू होतं आणि पुन्हा पुन्हा होत राहतं. थेरपी कधी सुरू करायची हेही आधीच ठरलेलं असतं. मी वाचा-उपचार करते, म्हणून उदाहरण आमच्यातलं घेते. आकडे समजण्यापुरते रचलेले आहेत, पण रीत हीच.

समजा, सात महिन्यांपूर्वी स्ट्रोक आलेले एक गृहस्थ आहेत. त्यांना अफेझिया आहे. बोललेलं कळतं, पण वस्तूचं नाव ओठांवर येत नाही. वेगवेगळ्या तीन दिवशी त्यांना पुष्कळ चित्रं दाखवायची आणि तिन्ही वेळा अडली अशी तीस निवडायची. एकाच दिवशी अडलेली घेतली, तर त्यातली काही केवळ त्या दिवसाच्या थकव्याने अडलेली असतात. ती पुढे काही न करताही जमतात आणि श्रेय थेरपीला जातं. मग या तीस शब्दांच्या दहा-दहाच्या तीन याद्या करायच्या. शब्दांची लांबी आणि वापरातलं प्रमाण सारखं हवं. एका यादीत कात्री आणि दुसऱ्या यादीत सुरी असं मात्र नको, नाहीतर एकीवरचं काम दुसरीत झिरपतं.

एकूण सत्रं पंचवीस. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, काहीही शिकवण्याआधी, तीसही चित्रं विनामदत विचारायची. थेरपी मात्र पहिल्या यादीवर सातव्या सत्रात सुरू होते, दुसरीवर तेराव्यात आणि तिसरीवर अठराव्यात. त्याआधीचे गुण ही त्या-त्या यादीची बेसलाइन. यालाच मल्टिपल बेसलाइन म्हणतात. थेरपी द्यायची, काढायची, पुन्हा द्यायची, ही उलटापालट काही सवयींच्या बाबतीत उपयोगी पडते. इथे नाही, कारण शिकलेला शब्द थेरपी थांबवली म्हणून विसरला जात नाही.

आता «आपोआप»चं बघू. पहिल्या यादीचे गुण सात सत्रं असे येतात: १, २, १, १, २, १, २. आठव्या सत्रापासून ४, ५, ७, ८, ८. त्याच दिवसांत दुसरी आणि तिसरी यादी एक-दोनवरच रेंगाळते. चौदाव्या सत्रात दुसरी एकदम चारवर जाते, तिसरी तरीही जागची हलत नाही. ती हलते एकोणिसाव्यात. मेंदू आपसूक सावरत असता तर तिन्ही रेषा एकत्र चढल्या असत्या. थेरपिस्टने लक्ष दिल्याचा किंवा तीच चित्रं वारंवार बघितल्याचा परिणाम असता, तरीही. तिसऱ्या यादीची चित्रं तोवर अठरा वेळा दाखवून झालेली आहेत. आपोआप होणारी सुधारणा नेमकी आपण ठरवलेल्या तीन दिवसांची वाट का बघेल? परिणाम निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसावा आणि प्रत्येक टप्प्यात निदान पाच मोजमापं असावीत, ही शिक्षणातल्या उपायांचा पुरावा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊसने २०१० साली घातलेली अट याच कारणासाठी होती. तीन मोजमापं असली तर ते काम स्वीकारायचे, पण काही शंका राखून.

कधी कधी पहिल्या यादीवर काम सुरू करताच दुसरीही चढते. हा थेरपीचा पसरलेला फायदा असेल किंवा आपोआप सुधारणा असेल, आलेखावरून ते सांगता येत नाही. म्हणून थेरपीशी संबंध नसलेलं एखादं काम, समजा तोंडी बेरजा, सोबत मोजत राहायचं. तेही चढलं तर थेरपीचा दावा सोडून द्यायचा.

डोळ्यांनी बघण्याबद्दल. बघायचं काय ते ठरलेलं आहे: पातळी, कल, चढउतार, बदल किती लगेच आला, दोन टप्प्यांतले बिंदू किती एकमेकांच्या पट्ट्यात येतात, आणि हे तिन्ही वेळा सारखंच घडलं का. यातला कल सर्वांत जास्त फसवतो. बेसलाइन १, २, ३, ४, ५ अशी आहे आणि थेरपीत ६, ७, ८ आले असं समजा. सरासरी ३ वरून ७ वर गेली. दोन सरासरींतला फरक तपासणारी नेहमीची टी-टेस्ट लावली तर पी-व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०१ च्या खाली येते. आलेखावर पट्टी ठेवून बघा, एकच सरळ रेषा आहे, थेरपीने काहीच केलेलं नाही. शिवाय टी-टेस्ट प्रत्येक बिंदू स्वतंत्र मानते, आणि एकाच माणसाचे आजचे गुण कालच्या गुणांशी बांधलेले असतात. म्हणजे इथे डोळा आकडेमोडीच्या पुढे आहे.

सगळीकडे नाही, हेही कबूल. १९७९ साली वर्तन-संशोधनातल्या नियतकालिकांच्या परीक्षकांना तेच आलेख दाखवले, तेव्हा त्यांच्या मतांमधला सरासरी सहसंबंध ०.६१ च भरला. फरक लहान आणि चढउतार मोठे असले की डोळे भांडतात. त्यावर उपाय आहे: सुरुवातीचे दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. पहिल्या यादीसाठी सहा ते दहा, दुसरीसाठी अकरा ते पंधरा, तिसरीसाठी सोळा ते वीस यांतलं एकेक सत्र. एकूण ५ × ५ × ५ म्हणजे १२५ शक्यता. प्रत्येक शक्यतेनुसार टप्पे पाडून फरक काढायचा. खरोखर वापरलेल्या दिवसांचाच फरक सर्वांत मोठा निघाला, तर निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता १२५ मध्ये १, म्हणजे ०.००८. याची किंमतही आहे. चिठ्ठीत आलेल्या दिवशी बेसलाइन अजून चढत असली तरी सुरुवात करावीच लागते.

मला विचाराल तर खरी कच्ची बाजू आलेख वाचण्यात नाही, गुण देण्यात आहे. अर्धवट उच्चार बरोबर धरायचा की चूक? कुठली यादी सध्या चालू आहे हे मला माहीत असतं, आणि माझा हात नकळत सैल होतो. म्हणून सत्रं रेकॉर्ड करायची. निदान पाचवा हिस्सा सत्रांना दुसऱ्या कुणीतरी, सत्र कितवं हे न सांगता, पुन्हा गुण द्यायचे. दोघांचं ८० टक्क्यांच्या खाली जुळलं तर आधी गुण देण्याचे नियम दुरुस्त करायचे, आलेखाचं नंतर बघू.

शेवटच्या आक्षेपात तथ्य आहे. या गृहस्थांवरून पुढच्या पेशंटबद्दल फार काही म्हणता येत नाही. त्यासाठी हाच प्रयोग वेगवेगळ्या पेशंटवर, वेगळ्या थेरपिस्टकडून पुन्हा व्हायला हवा, आणि जिथे फसला तेही छापलं जायला हवं. पण उलट बाजूही बघा. दोनशे जणांच्या चाचणीत सरासरी फायदा दिसला, म्हणून समोर बसलेल्या माणसाला तो झालाच असं त्या चाचणीवरून कळत नाही. ऑक्सफर्डच्या सेंटर फॉर एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिनने पुराव्याच्या पातळ्यांच्या २०११ च्या तक्त्यात उपचाराच्या फायद्याच्या प्रश्नासाठी एन-ऑफ-वन चाचण्यांना पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर जागा दिली. या चाचण्या आमच्या डिझाइनच्या सख्ख्या भावंडासारख्या, त्यांत एकाच पेशंटला उपचार आणि पर्याय आलटून पालटून, चिठ्ठ्यांच्या क्रमाने दिले जातात.

आमच्या आलेखाने सिद्ध काय होतं, तर या माणसाला या तीस नावांपैकी जी आली ती थेरपीमुळे आली. घरी बोलताना ती तोंडी येतात का, हे त्या आलेखात कुठेच नाही. ते हवं असेल तर घरच्या गप्पांची दहा-दहा मिनिटांची रेकॉर्डिंग पहिल्या सत्राच्या आधीपासूनच घ्यायला लागतात.